कार शिकवायचं काम सुरू करायचं असेल तर काय काय लागतं?

प्रश्न: मी आठ वर्षं कार चालवतोय. मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढायचा विचार आहे. घरची वॅगनआर चालेल का, आरटीओचे नियम काय आहेत, आणि जी माणसं स्टिअरिंगला हात लावायलाच घाबरतात त्यांना कसं शिकवायचं?

उत्तर:

भीतीपासून सुरुवात करते, कारण निम्मी भीती शिकवणाराच तयार करतो असं माझं ठाम मत आहे.

मी साताऱ्यात बायकांना कार शिकवते. स्वतःचं स्कूल काढण्याआधी दुसऱ्यांकडे ट्रेनर होते. तिथल्या मालकांचा शिरस्ता असा, की शिकणाऱ्याने फक्त स्टिअरिंग सांभाळायचं आणि क्लच आपण आपल्या बाजूच्या पेडलने दाबायचा. गाडी बंद पडत नाही, मागचे हॉर्न वाजवत नाहीत, गिऱ्हाईक खूश. माझा याला विरोध होता. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘बायकांना क्लच कळत नाही, तू कशाला डोकं लावतेस? त्यांना लायसन्स मिळाल्याशी मतलब.’

पुढे माझं स्कूल सुरू झाल्यावर त्यांच्याकडूनच शिकून गेलेल्या एक नर्सताई माझ्याकडे आल्या. वय त्रेचाळीस, पक्कं लायसन्स हातात, गाडी दारात, आणि नाइट ड्यूटीला मात्र रिक्षाने. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चढताना गाडी हमखास बंद पडायची आणि मागे सरकायची. घरच्यांनी निष्कर्ष काढून टाकला होता की हिला जमणार नाही.

मी त्यांना मोकळ्या मैदानावर नेलं आणि माझे दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. त्यांनी पहिला गिअर टाकला होता, तो काढून न्यूट्रल केला आणि म्हणाल्या, ‘ताई, आधी पाय खाली घ्या.’ तिथेच उलगडा झाला. ड्युअल कंट्रोलची पेडलं रॉडने किंवा केबलने मूळ पेडलांना जोडलेली असतात, त्यामुळे ट्रेनरने क्लच दाबला की शिकणाऱ्याच्या बाजूचं पेडलही खाली जातं. त्यांच्या डाव्या पायाला पेडल आपोआप हलण्याची सवय लागली होती. क्लच नेमका कुठे पकडतो हे त्या पायाला कधी कळलंच नव्हतं. कोणी शेजारी नसताना चढावर भीती वाटणारच. ती भीती अगदी खरी होती, कारण त्यांना ती गोष्ट खरोखरच येत नव्हती.

मग रेसला पाय न लावता नुसता क्लच शिकवला. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, टाच जमिनीला टेकवून पेडल अगदी हळू सोडायचं. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवायचा. सपाटीवर गाडी रेस न देताच सरकायला लागते. पुन्हा क्लच दाबून थांबायचं, पुन्हा सोडायचं. गाडी बंद पडू द्यायची आणि आपण गप्प बसायचं. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच केलं नाही. ती जागा पायाला सापडल्यावर त्यांना साध्या चढावर नेलं. हँडब्रेक ओढलेला, क्लच त्या जागेपर्यंत, थोडी रेस, आवाज जड झाला की हँडब्रेक खाली. गाडी मागे न जाता पुढे निघाली तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. आता यवतेश्वरचा घाट त्या एकट्या चढतात.

माझा नियम साधा आहे आणि तो मी पहिल्याच दिवशी सांगते. ब्रेक गरज पडली तर मी मारणार आणि का मारला ते गाडी बाजूला घेऊन सांगणार. क्लचला माझा पाय फक्त अपघात टाळण्यापुरता लागेल. घाबरलेलं माणूस ओळखायला बोलणं ऐकायची गरज नसते. कोपर ताठ होतात, नजर रस्त्याऐवजी बॉनेटवर असते, श्वास रोखलेला असतो. अशा वेळी मी समोर काय दिसतंय ते मोठ्याने बोलायला लावते, ‘डावीकडे टेम्पो, पुढे स्पीडब्रेकर, पलीकडे सायकलवाला.’ बोलण्यासाठी नजर लांब टाकावी लागते आणि श्वासही सुटतो. नवऱ्याला किंवा मुलाला मागच्या सीटवर बसवू नका, कितीही आग्रह करोत.

आता गाडी. घरची वॅगनआर आहे तशी चालणार नाही. नियमाप्रमाणे गाडी फक्त शिकवण्यासाठीच ठेवावी लागते आणि कारला ड्युअल कंट्रोल सक्तीचं आहे. ते बसवल्याची नोंद आरसीवर करून घ्या. विमा कंपनीलाही गाडी शिकवणीला वापरतो हे कळवून पॉलिसीत लिहून घ्या. खासगी वापराच्या पॉलिसीवर शिकवत राहिलात तर क्लेमच्या वेळी अडकाल. रोज सकाळी तुमच्या बाजूचा ब्रेक स्वतः दाबून बघा. केबल सैल झाली तर पेडल जास्त खाली जातं आणि गाडी उशिरा थांबते. पेडलखाली मॅट सरकली तर ब्रेक पूर्ण लागतच नाही.

तुमची आठ वर्षं ही अर्धीच पात्रता आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 24 वाचा. शिकवणारा किमान दहावी पास हवा, पाच वर्षं गाडी चालवण्याचा अनुभव हवा आणि वर मोटार मेकॅनिकचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र किंवा त्याहून वरचं मेकॅनिकल शिक्षण हवं. बहुतेकांचं घोडं या प्रमाणपत्रावर अडतं. ते नसेल तर ते असलेला ट्रेनर नेमावा लागेल. अर्ज फॉर्म 12 मध्ये, परवाना फॉर्म 11 मध्ये मिळतो आणि पाच वर्षं चालतो. नात्यातल्या कुणाला शेजारी बसून शिकवणं वेगळं, पण पैसे घेऊन शिकवायचं तर परवाना हवाच.

आणि तास. खासगी कारसाठी प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान 10 तासांचं, असं त्याच नियमांत म्हटलंय. माझ्या जुन्या मालकांचं पॅकेज होतं पंधरा दिवस, रोज अर्धा तास. म्हणजे साडेसात तास, तेही क्लच सोडून, आणि फॉर्म 15 मध्ये, म्हणजे शिकणाऱ्याच्या ड्रायव्हिंग तासांच्या रजिस्टरमध्ये, मात्र दहा तास भरलेले. लर्निंग लायसन्स काढल्यावर 30 दिवस पक्क्याची टेस्ट देताच येत नाही, मग पंधरा दिवसांत उरकायची घाई कुणासाठी?

काही गोष्टी राहिल्या. चढावर शिकवताना क्लच तापतो. करपल्याचा वास आला की लगेच थांबा आणि गाडी गार होऊ द्या. माझ्या पद्धतीने क्लच प्लेट लवकर जाते, हा मालकांचा मुद्दा खरा होता. तो खर्च फीमध्ये धरा, शिकणाऱ्याच्या पायातून वसूल करू नका. ऑटोमॅटिक गाडीवर शिकवणार असाल तर वरचं क्लचचं सगळं सोडा, तिथे भीती वेगळी असते, घाबरून ब्रेकऐवजी रेस दाबली जाण्याची. जागा, फळा, चिन्हांचे तक्ते, इंजिनाचे भाग हेही नियम 24 मध्ये आहे. जागा भाड्याने घेण्याआधी तुमच्या आरटीओत एकदा दाखवून घ्या. मालवाहू गाड्यांचं मला विचारू नका, मी फक्त कार शिकवते.

आधी कुणाकडे ट्रेनर म्हणून राहणार असाल तर पहिल्या दिवशी फॉर्म 15 चं रजिस्टर बघायला मागा. ते दाखवायला कां-कूं केली तर तिथे राहू नका.