कोलमॅकवर कॉपी-पेस्ट

प्रश्न: रत्नागिरीत आंबापेट्यांची बिलं एक्सेलमध्ये करतो. कीबोर्डवरच्या अक्षरांची ड्व्होरॅक मांडणी शिकू की कोलमॅक? सराव कसा करू? कॉपी-पेस्ट अवघड होतं का?

कोलमॅक शिका, त्यात Z, X, C, V नेहमीच्या कीबोर्डवरच्या जागेवरच राहतात, म्हणून उजवा हात माउसवर ठेवूनच कॉपी-पेस्ट होतं. ड्व्होरॅकमध्ये C जातो I च्या जागी आणि V पूर्णविरामाच्या, म्हणजे दर वेळी माउस सोडा. कोलमॅकमध्ये जपायचं ते Ctrl+S. S एक घर उजवीकडे सरकतो आणि जुन्या सवयीने Ctrl+R दाबलं जातं. एक्सेलमध्ये त्याने डावीकडच्या खान्यातला आकडा निवडलेल्या खान्यात उतरतो. पेटीचा दर असा बदललेला दिसला, तर लगेच Ctrl+Z. सराव रोज पंधरा-वीस मिनिटं, कळांकडे न बघता, आधी फक्त मधल्या ओळीचा. पण ऐन हंगामात सुरुवात नको, पावसाळ्यात करा. पहिले काही आठवडे वेग फार पडतो.