रेडीरेकनर आणि गुंठ्याचा भाव: मोबदल्याचा पट काढून पाहा

प्रश्न: शिरूर तालुक्यात मुख्य रस्त्यापासून आत 5 गुंठ्यांचा एनए प्लॉट पाहिला आहे. मालक गुंठ्याला साडेसहा लाख मागतात. रेडीरेकनरने हिशेब केला तर गुंठा तीन लाखांच्या आत येतो. एजंट म्हणतात, "रेडीरेकनर बघू नका, तो फक्त स्टॅम्प ड्युटीसाठी असतो." मग खरा भाव कशावरून ठरवायचा?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या एजंटांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रेडीरेकनर, म्हणजेच वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठीच तयार होतो आणि त्यातला दर म्हणजे त्या प्लॉटची किंमत नव्हे. परंतु त्यावरून तो पाहूच नये असा निष्कर्ष निघत नाही. शेजारच्या नोंदलेल्या व्यवहारांशी जोडून पाहिला, तर हाच दर चांगल्या मोजपट्टीचे काम करतो. डिसेंबर 2024 मध्ये मी माझ्या मेहुण्यांसाठी पुण्याच्या पूर्वेकडील एका गावात हा हिशेब केला होता. तोच येथे क्रमाने मांडतो.

प्लॉट 4 गुंठ्यांचा, मंजूर लेआउटमधला, आतल्या रस्त्यावरचा होता आणि मागणी गुंठ्याला 5 लाख 75 हजारांची होती. igrmaharashtra.gov.in वरील ई-एएसआरमध्ये, म्हणजे याच तक्त्याच्या ऑनलाइन रूपात, जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्यावर त्या गावाचे सर्व दर दिसतात. पहिली चूक बहुतेक वेळा येथेच होते. शेतजमिनीचे दर आकारणीच्या गटानुसार प्रति हेक्टर दिलेले असतात, तर बिनशेती जमिनीचा दर प्रति चौरस मीटर असतो आणि हमरस्त्यालगतच्या जमिनीसाठी बहुधा वेगळी, वरची ओळ असते. एनए प्लॉटला शेतजमिनीचा दर लावला की सरकारी दर हास्यास्पद वाटू लागतो. आमच्या प्लॉटला लागू होणारा दर 2,640 रुपये प्रति चौरस मीटर होता. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, अर्थात 1,089 चौरस फूट, म्हणून सरकारी हिशेबाने गुंठा साधारण 2 लाख 67 हजारांना पडत होता. रस्त्यालगतचा दर 3,700 होता, म्हणजे गुंठ्याला सुमारे 3 लाख 74 हजार. हे दोन्ही आकडे लिहून ठेवले, कारण पुढे दोन्ही लागले.

त्यानंतर व्यवहार शोधले. freesearchigrservice.maharashtra.gov.in येथील मोफत शोधात "उर्वरित महाराष्ट्र" निवडून वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरावा लागतो. अख्ख्या गावाचे दस्त एकदम मिळत नाहीत; एकेक गट क्रमांक टाकूनच शोधावे लागते. म्हणून आधी mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर गावाचा नकाशा उघडून आपल्या गटाला लागून असलेले आणि त्यापलीकडचे गट कागदावर उतरवून घ्यावेत. मी 14 गट घेतले आणि प्रत्येकाची तीन वर्षे पाहिली. संकेतस्थळ मध्येच अडकते, त्यामुळे दोन संध्याकाळी गेल्या. हाती 31 दस्त लागले.

प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक 2, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, उघडता येते. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव हे दोन रकाने एकाखाली एक असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे त्या वर्षीच्या तक्त्यानुसार निघालेले मूल्य. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जास्त रकमेवर लागते. संपूर्ण पद्धतीचा कणा हे दोन रकाने आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

31 पैकी 9 दस्त बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे आणि वाटणीपत्रे होती. त्यांना भावाशी देणेघेणे नसते. 4 साठेखतांची पुढे खरेदीखतेही झाली होती, म्हणजे तोच व्यवहार दोनदा मोजला गेला असता. आणखी 5 दस्त एकरांतील शेतजमिनीचे किंवा सामाईक सातबाऱ्यातील अविभक्त हिश्श्याचे होते. अशा हिश्श्याची किंमत कमी दिसते, कारण घेणाऱ्याला हद्द, स्वतंत्र उतारा आणि पुढची बांधकाम परवानगी या तिन्हींची जोखीम घ्यावी लागते. ती किंमत दाखवून एनए प्लॉटचा भाव पाडून मागणे योग्य नाही. आता 13 खरेदीखते उरली.

या 13 पैकी 8 दस्तांमध्ये मोबदला बाजारभावाइतकाच किंवा त्याहून चार-पाच टक्के जास्त होता. हा योगायोग नव्हे. कागदावर सरकारी मूल्याएवढीच रक्कम दाखवायची आणि उरलेली रोखीने द्यायची, ही सवय सर्वांना ठाऊक आहे. असे दस्त भावाचा पुरावा म्हणून धरता येत नाहीत. त्यांच्यावरून फक्त सरकारी दर पुन्हा एकदा वाचायला मिळतो. नोंदलेले व्यवहार हा नवे दर ठरवण्याचाही एक आधार असल्यामुळे अशा गावांत तक्ता वर्षानुवर्षे खालीच रेंगाळतो. मोबदला बाजारभावापासून स्पष्टपणे वर गेलेले जे थोडे दस्त असतात, तेच बोलके असतात, कारण जास्त शुल्क भरून कोणी विनाकारण मोठा आकडा लिहीत नाही. बहुधा घेणाऱ्याने कर्ज काढलेले असते किंवा त्याचा सगळा पैसा बँकेतून आलेला असतो. याला एकच अपवाद लक्षात ठेवावा: जास्त कर्ज मिळावे म्हणून किंमत फुगवलेला एखादा दस्त आसपासच्या सर्वांपेक्षा उंच दिसला, तर तो बाजूला ठेवावा.

अशा रीतीने माझ्याकडे पाच दस्त उरले. त्याच लेआउटमधला 2 गुंठ्यांचा प्लॉट 9 लाखांना गेला होता, म्हणजे गुंठ्याला साडेचार लाख, आणि त्यावर कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशनही नोंदलेली सापडली. त्याच लेआउटमधले 5 गुंठे 20 लाख 50 हजारांना गेले होते, म्हणजे 4 लाख 10 हजार. पण तो व्यवहार वीस महिने जुना होता. कोपऱ्यावरचा दीड गुंठा 7 लाख 35 हजारांना, म्हणजे गुंठ्याला जवळपास 4 लाख 90 हजारांना गेला होता. मुख्य रस्त्यालगतचे 3 गुंठे 18 लाख 60 हजारांना, म्हणजे 6 लाख 20 हजारांच्या भावाने विकले गेले होते. पाचवा दस्त लेआउट नसलेल्या 10 गुंठ्यांचा होता आणि त्याचा भाव 3 लाख 20 हजार पडत होता.

नुसते गुंठ्याचे भाव पाहिले तर 3 लाख 20 हजारांपासून 6 लाख 20 हजारांपर्यंत सगळेच "बाजारभाव" ठरतात आणि ज्याला जो सोयीचा असेल तो आकडा तो सांगतो. आमच्या एजंटांनी सांगितलेला 6 लाख 20 हजारांचा व्यवहार खोटा नव्हता. तो रस्त्यालगतचा होता एवढेच त्यांनी सांगितले नव्हते. म्हणून भावांची तुलना न करता प्रत्येक दस्तात मोबदल्याला बाजारभावाने भागावे. आतल्या तीन प्लॉटांचा पट अनुक्रमे 1.69, 1.54 आणि 1.83 निघाला. रस्त्यालगतच्या प्लॉटला त्याच्या स्वतःच्या, वरच्या दराने भागले तर 1.66 आला. एरवी दीडपट महाग दिसणारा प्लॉट इतरांच्या रांगेत येऊन बसला, कारण रस्त्याचा फरक तक्त्याने आधीच धरलेला होता. दहा गुंठ्यांचा पट 1.2 होता, पण लेआउट नसल्याने आणि क्षेत्र मोठे असल्याने तो मी वगळला. कोपऱ्याचा दीड गुंठाही थोडा खाली धरला, कारण लहान तुकड्याला घेणारे जास्त असतात आणि गुंठ्याचा भाव चढतो.

अशा प्रकारे 1.55 ते 1.7 हा पट्टा ठरला. तो 2 लाख 67 हजारांना लावला की साधारण 4 लाख 14 हजार ते 4 लाख 54 हजार येतात. मालकांची मागणी मात्र 2.15 पटीची होती. इंडेक्स टूच्या प्रती समोर ठेवून बोललो, तेव्हा दोन बैठकांत 4 लाख 60 हजारांवर सौदा झाला. पट्ट्यापेक्षा थोडे जास्त दिले, ते पूर्ण रक्कम धनादेशाने घेण्यास मालक तयार झाले म्हणून.

तुम्ही हे करताना वर्षाकडे लक्ष द्या. 2023-24 आणि 2024-25 मध्ये तक्ता बदलला नव्हता, म्हणून एप्रिल 2022 नंतरचे माझे सर्व दस्त एकाच दराने मोजता आले. 1 एप्रिल 2025 पासून दर वाढले. त्यामुळे जुन्या दस्ताचा पट त्याच्या इंडेक्स टूमधील बाजारभावावरूनच काढावा आणि तो आजच्या दराला लावण्यापूर्वी तुमच्या गावाचा दर किती वाढला ते पाहून त्या प्रमाणात कमी करावा. नाहीतर वाढ दोनदा मोजली जाते.

ही पद्धत कोठे अडते तेही सांगतो. तीनपेक्षा कमी बोलके दस्त मिळाले, तर पट काढण्यात अर्थ नाही. तेव्हा शेजारच्या गावातले सारख्या रस्त्यावरचे गट घ्यावेत आणि अलीकडे प्लॉट घेतलेल्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. आणि पट सर्वत्र एकच्या खाली येत असेल, तर तेथे तक्ताच बाजाराच्या वर आहे. अशा ठिकाणी स्वस्त मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये. सरकारी मूल्य मोबदल्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त आणि फरक 50 हजारांहून अधिक असेल, तर तो फरक प्राप्तिकरात घेणाऱ्याचे उत्पन्न म्हणून धरला जाऊ शकतो. तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारावे.

तुमच्या आकड्यांवरून मागणी 2.2 पटीच्या आसपास किंवा वरच जाते. शेजारचे दस्त तेवढा पट दाखवत असतील तर ती रास्त आहे. पण माझ्या अनुभवात मंजूर लेआउटच्या आतल्या प्लॉटला असा पट क्वचितच दिसला. बोलणी करण्यापूर्वी एक गोष्ट मालकांकडून लेखी घ्या: 5 गुंठे म्हणजे उताऱ्यावरचे निव्वळ क्षेत्र, की अंतर्गत रस्त्याचा वाटा धरून? काही ठिकाणी गुंठा 1,000 चौरस फुटांचाही धरतात. निव्वळ क्षेत्र 4.4 गुंठेच निघाले, तर साडेसहा लाखांची मागणी प्रत्यक्षात गुंठ्याला 7 लाख 39 हजारांची होते.