डीएनएसला ४८ तास लागतात, हे कुणी सांगितलं?

प्रश्न: साइट नव्या सर्व्हरवर नेली. मोबाइलवर नवी दिसते, घरच्या लॅपटॉपवर जुनीच. ब्राउझरमध्ये नाव टाकल्यापासून पत्ता मिळेपर्यंत नक्की काय होतं, आणि अजून किती थांबायचं?

होस्टिंगच्या सपोर्टवाल्यांनी "प्रोपगेशन चालू आहे, ४८ तास थांबा" असं ऐकवलंच असेल. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या यंत्रणेत, प्रोपगेशन नावाचं काही होतच नाही. रेकॉर्ड बदललं की ते तुमच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे तुमच्या डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर, लगेच बदलतं, पण तिथून कुणी जगाला कळवायला जात नाही. ज्यांनी जुनं उत्तर साठवून ठेवलंय ते मुदत संपेपर्यंत तेच वापरतात, बस.

ब्राउझर आधी स्वतःची कॅशे बघतो; क्रोम आणि फायरफॉक्समध्ये उत्तर साधारण मिनिटभर टिकतं. तिथे नसलं तर ऑपरेटिंग सिस्टीमची होस्ट्स फाइल आणि तिची कॅशे. मग घरचा राउटर, आणि त्याच्या पुढे ब्रॉडबँडवाल्याचा रिझॉल्व्हर. खरी धावपळ हा रिझॉल्व्हर करतो. त्याच्याकडे काहीच नसेल तर तो रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरला, विचारतो, रूट त्याला .com च्या सर्व्हरकडे पाठवतो, तिथून तुमच्या डोमेनच्या नेमसर्व्हरचा ठावठिकाणा मिळतो, आणि पत्ता शेवटी तो नेमसर्व्हर देतो. पण .com चे सर्व्हर कोणते हे तो दोन दिवस जपून ठेवतो, त्यामुळे रूटपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

आता तुमच्यासारखंच एक उदाहरण घ्या. सदाशिव पेठेतल्या एका दुकानाची साइट सकाळी ११ वाजता हलवली. नावाचा पत्ता ज्यात असतो त्या जुन्या A रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, होता १४४०० सेकंद, म्हणजे चार तास. हडपसरमधल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइल कंपनीच्या रिझॉल्व्हरने जुना पत्ता ७:१० ला साठवला होता. त्याची मुदत ११:१० ला संपली आणि त्याला नवी साइट दिसली. कोथरूडमधल्या मालकांच्या ब्रॉडबँडच्या रिझॉल्व्हरने तोच पत्ता १०:४० ला घेतला होता. त्यांना २:४० पर्यंत जुनीच साइट दिसणार. ११ वाजता त्यांच्या लॅपटॉपने विचारलं तर रिझॉल्व्हर पुन्हा पूर्ण १४४०० देत नाही, उरलेले १३२०० देतो. दुधाची पिशवी दुकानातून फ्रीजमध्ये आली म्हणून तिच्यावरची तारीख पुढे जात नाही, तसंच. म्हणून प्रत्येक पायरीचे चार-चार तास मिळवत बसू नका.

तुमच्याकडे काय अडलंय ते असं बघा (नेमसर्व्हरचं आणि डोमेनचं नाव आपापलं घाला):

```
dig @ns1.example.com example.com A
dig example.com A
```

पहिली आज्ञा थेट नेमसर्व्हरला विचारते. तिथेच जुना पत्ता आला तर बदल झालेलाच नाही, किंवा भलत्याच पॅनेलमध्ये झालाय. मग ४८ दिवस थांबलात तरी उपयोग नाही. दुसरी तुमच्या नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारते. तिच्यात नावापुढचा आकडा म्हणजे उरलेले सेकंद. आज्ञा पुन्हा चालवली की तो कमी झालेला दिसेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तोच आकडा आहे.

दुसरीत नवा पत्ता आणि ब्राउझरमध्ये जुनी साइट, असं असेल तर बिघाड लॅपटॉपमध्येच आहे. होस्ट्स फाइल बघा, विंडोजवर `ipconfig /flushdns` चालवा, ब्राउझर बंद करून उघडा. मात्र रिझॉल्व्हरकडेच जुना पत्ता असेल तर हे फ्लश करून काही होत नाही, लॅपटॉप पुन्हा तिथूनच जुना पत्ता आणतो.

पुढच्या वेळी टीटीएल आदल्या दिवशीच ३०० करून ठेवा. ऐन हलवताना कमी करणं फुकट आहे, कारण आधीच साठवलेल्या प्रतींवर जुनी मुदत असते. नवं सबडोमेन बनवायच्या आधी ते उघडून बघायची घाईही नको. "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. किती वेळ, ते तुमच्या झोनच्या SOA रेकॉर्डवर ठरतं.

आता ४८ तासांचा उगम. .com च्या सर्व्हरवर तुमच्या नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर ४८ तास. हे तुम्ही नेमसर्व्हरच बदलले असतील तर लागू; नुसता A रेकॉर्ड बदलला असेल तर अजिबात नाही. नेमसर्व्हर बदलले असतील तर जुन्या नेमसर्व्हरवरही नवा पत्ता टाका आणि तो दोन-तीन दिवस चालू ठेवा.

एक राहिलं: ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू असेल तर तो वेगळ्याच रिझॉल्व्हरला विचारतो, तेव्हा dig आणि ब्राउझरचं उत्तर जुळेलच असं नाही. आणि नेमसर्व्हर पोचण्यासारखा नसेल तर काही रिझॉल्व्हर मुदत संपलेलं उत्तरही देत राहतात. सपोर्टशी बोलताना आधी टीटीएल किती होता ते विचारा.