फिब्रिलेशन दिसलं म्हणजे नस गेली, असं नाही

तू पाठवलेला ईएमजीचा, म्हणजे स्नायूत सुई घालून त्याची विद्युत हालचाल नोंदवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पाहिला. खुर्चीतून उठता न येणारा रुग्ण, संवेदी आणि मोटर दोन्ही नसांचं वहन नॉर्मल, मांडीच्या स्नायूत सुई घातल्यावर फिब्रिलेशन, म्हणजे स्नायू सैल असतानाही एकेका तंतूची आपोआप येणारी विद्युत ठिणगी. तेवढ्यावरून तू नसेचा आजार लिहिलास. इथेच बहुतेक नवे लोक चुकतात. दाहामुळे स्नायुतंतू मधेच तुटतो, त्याचा एक तुकडा नसेपासून सुटा पडतो आणि आपोआप ठिणग्या टाकू लागतो. म्हणून मायोसायटिसमध्येही, म्हणजे स्नायूच्या दाहातही, फिब्रिलेशन भरपूर मिळतं.

निकाल लागतो तो रुग्णाने स्नायू हलकेच आवळल्यावर. मोटर युनिट म्हणजे एक मोटर चेतापेशी आणि ती चालवते ते सगळे स्नायुतंतू. निरोगी स्नायूत पहिलं मोटर युनिट सेकंदाला साधारण 10 वेळा उडेपर्यंत दुसरं सामील होतं. नसेच्या आजारात युनिटंच कमी उरतात, त्यामुळे एकटंच युनिट 20च्या वर धावताना दिसतं. आजार जुना असेल तर ते मोठं आणि रुंदही असतं. स्नायूच्या आजारात युनिटं तेवढीच, पण प्रत्येकातले तंतू कमी. म्हणून लहान, अरुंद युनिटं थोड्याशा जोरालाच मशीनचा पडदा भरून टाकतात. तुझ्या रुग्णात नेमकं हेच आहे, रेकॉर्डिंग पुन्हा ऐक.

स्टेरॉइडमुळे आलेल्या अशक्तपणात मात्र सुईची तपासणी नॉर्मल येऊ शकते, कारण तिथे टाइप 2 तंतू झिजतात आणि हलक्या जोराला आधी टाइप 1 काम करतात.

आणि सुई एकाच बाजूला घाल. बायोप्सी दुसऱ्या बाजूची घेता आली पाहिजे, नाहीतर सुईच्या जखमेचीच सूज मायोसायटिस म्हणून वाचली जाते.