आईचे दहा लाख आणि दोन मतं

प्रश्न (ताई, नाशिक): गावची जमीन विकून आईला दहा लाख मिळाले. धाकटा भाऊ म्हणतो, सगळे इक्विटी फंडात टाकू. वर्षभरात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, त्याला चार लाख लागतील. मी एफडीच म्हणते. माझं चुकतंय का?

ऑपरेशनच्या चार लाखांपुरतं अजिबात नाही. २०२० च्या जानेवारीतल्या उच्चांकावरून निफ्टी २३ मार्चपर्यंत सुमारे ३८ टक्के कोसळला. म्हणजे चार लाखांचे अडीच. नोव्हेंबरात निर्देशांक सावरला, पण ज्याला एप्रिलमध्ये बिल भरायचं होतं त्याला नोव्हेंबरचा काय उपयोग? मात्र एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच विमा असतो. दहाचे दहा लाख एकाच बँकेत ठेवू नका.

प्रश्न (भाऊ, पुणे): ताईनं तुम्हाला लिहिलंय, कळलं. सात टक्के व्याजातून कर गेला, महागाई गेली, की हातात काय उरतं? मी सट्टा खेळतोय असं तिला वाटतं.

वीस टक्के कर भरणाऱ्याच्या हातात त्या सातातले साडेपाच उरतात, आणि महागाई तेवढीच असेल तर पैसा जागेवरच. तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो तुमच्या पैशांचा आहे. हे पैसे आईचे. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर या व्याजावर करच बसत नाही. साठीपुढच्यांनी बँकेत तसा फॉर्म भरून दिला की टीडीएसही कापत नाहीत. ज्येष्ठांना बहुतेक बँका दरही थोडा जास्त देतात. ताईशी भांडण्याआधी दोघांनी आईला विचारलंत का?

प्रश्न (दोघांचं मिळून): विचारलं. तिला दर तीन महिन्यांनी हातखर्चाला पैसे हवेत, आणि दोन लाख नातीच्या कॉलेजसाठी, ते बारा वर्षांनी. ताई म्हणते, एवढ्या वर्षांत ते एफडीत झिजतील, फंडात टाक. आणि मी म्हणतो, ऑपरेशनच्या पैशांना मी हात लावत नाही. आता मांडणी कशी करू?

हे वाचून फार बरं वाटलं. चार लाखांची एफडी, पण एकच नको. लाखालाखाच्या चार पावत्या करा, म्हणजे तपासण्यांसाठी एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज तुटत नाही. हातखर्चासाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या, चार लाखांची. व्याज तिमाहीला खात्यात येतं. मुदत पाच वर्षं आहे आणि आधी मोडल्यास कपात होते, म्हणून ऑपरेशनचे पैसे तिथं नकोत.

नातीचे दोन लाख आधी फारसा चढउतार नसलेल्या लिक्विड फंडात ठेवून तिथून बारा महिने हप्त्याहप्त्यानं, निर्देशांकाच्या चालीनं चालणाऱ्या इंडेक्स फंडात वळवा. बाजार चढत राहिला तर एकदम टाकलेले जास्त वाढले असते, हे खरं. पण पहिल्याच महिन्यात वीस हजार कमी दिसले तर ताईची झोप उडेल आणि पैसे नको त्या वेळी बाहेर येतील. कॉलेजला तीन वर्षं उरली की ते थोडे थोडे एफडीत आणायला लागा. ती तारीख ताईच्या डायरीत लिहून ठेवा, तुमच्या नको.