व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे

«माझे नाव सुनंदा. वय ३५. काम – घरीच असते.»

सुनंदाताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक आहे आणि २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांमध्ये मी प्रगणक म्हणून काम केले आहे. नाव, वय, काम असे विचारत मी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात दारोदार फिरलो. २०११ च्या कुटुंब पत्रकात एकूण २९ प्रश्न होते, परंतु वाद झाला तो नेहमी कामाच्या प्रश्नावरच. आपण दिलेले तिसरे उत्तर मी तेव्हा अनेक उंबऱ्यांवर ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा ते त्या बाईच्या तोंडून नव्हे, तर तिच्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

नावाविषयी फार सांगण्यासारखे नाही. आपण आपले नाव स्वतः सांगितले, हे चांगले झाले. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम ८ प्रमाणे प्रश्नांची उत्तरे देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; मात्र घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही आणि पतीचे नाव घेण्याची सक्ती स्त्रीवर करता येत नाही, अशी सवलत त्याच कलमात आहे. या सवलतीमुळे कुणाची अडचण टळत असेल, हे मला मान्य आहे, तरीही शक्य असेल तिथे मी बाईला तिचे नाव तिलाच विचारत असे.

वयाचे थोडे निराळे आहे. पस्तीस हे वय खरेही असू शकते, परंतु ज्यांच्याकडे जन्मतारखेचा कागद नाही, ती माणसे शून्य किंवा पाच या अंकांवर संपणारे वय सांगतात आणि तक्त्यांत तीस, पस्तीस, चाळीस या वयांवर माणसांची दाटी होते. जनगणनेला शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षे हवी असतात. त्यासाठी गावाला ठाऊक असलेल्या घटनांचा आधार घ्यावा लागतो, आणि आमच्या भागात १९७२ चा दुष्काळ आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे दोन आधार कधी फसले नाहीत. पुढे ज्या घराविषयी सांगणार आहे, तेथील सासूबाईंनी आपले वय पासष्ट सांगितले होते. दुष्काळात खडी फोडायला जाताना थोरला मुलगा कडेवर होता आणि त्याला नुकतेच पाय फुटले होते, असे त्या म्हणाल्या. म्हणजे त्याचा जन्म १९७१ च्या सुमाराचा. लग्नानंतर दोन वर्षांनी तो झाला आणि लग्नाच्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांचा स्वतःचा जन्म १९५३ च्या आसपासचा ठरतो आणि २०११ मध्ये त्यांचे वय सत्तावन्न-अठ्ठावन्न येते. नोंद तशीच केली.

आता कामाविषयी. ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात गणना चालू होती. त्या घरी मी दुपारी गेलो तेव्हा कुटुंबप्रमुख ओट्यावर बसले होते. पाच एकर कोरडवाहू जमीन, दोन म्हशी आणि घरात पाच माणसे, असे ते कुटुंब होते. स्वतःच्या नावापुढे त्यांनी तत्काळ शेती सांगितली. पत्नीचा रकाना आला तेव्हा म्हणाले, «तिचं काय लिहायचं गुरुजी, ती घरीच असते.» ज्वारीची काढणी सुरू होती आणि ती बाई त्याच वेळी रानातून येऊन हातपाय धूत होती. मी तिला समोर बसवून घेतले आणि मागच्या फेब्रुवारीपासून वर्षभराचा हिशेब विचारला. «काम करता का» असे मी विचारले नाही, कारण त्या प्रश्नाला नेहमी «नाही» असेच उत्तर येते. कोणत्या महिन्यात कोणत्या रानात होता, असे विचारले की माणूस आठवून सांगतो.

तिने सांगितलेला हिशेब असा होता. आदल्या वर्षी ज्वारीची काढणी, कणसांची खुडणी आणि मळणी यांत दीड महिना गेला. उन्हाळ्यात धसकटे वेचण्यात आणि शेणखत पांगवण्यात पंधरा दिवस गेले. जून-जुलैत तूर आणि उडदाची पेरणी व पाठोपाठ दोन खुरपण्या, असे दोन महिने धरले. उडदाची काढणी आणि झोडपणी यांना महिना लागला. ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीला पंधरा दिवस आणि हरभऱ्याच्या खुरपणीला तितकेच दिवस लागले. तुरीची कापणी आणि बडवणी यांत आणखी एक महिना गेला. हे सर्व मिळून घरच्या रानातील सात महिने झाले. याशिवाय शेजारच्या गावात कांदा लागवडीला ती दीड महिना रोजाने गेली होती, आणि दोन्ही म्हशींचे शेण, वैरण व धारा तर बारा महिने तिच्याकडेच होत्या.

पत्रकाचा नियम यावर स्पष्ट होता. मागील वर्षभरात सहा महिने किंवा अधिक काम केले असेल तर ती व्यक्ती मुख्य काम करणारी. त्याहून कमी असेल तर सीमांतिक. सीमांतिकांमध्येही २०११ साली तीन महिन्यांच्या आतले आणि तीन ते सहा महिन्यांचे असे दोन भाग केले होते. त्यानंतर ती व्यक्ती शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील की इतर, हे ठरवायचे. सात महिने घरच्या रानात आणि दीड महिना मजुरीला, म्हणजे अधिक वेळ जिथे गेला तो वर्ग धरून मी तिची नोंद मुख्य काम करणारी, शेतकरी, अशी केली. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न येथे येतच नाही. कुटुंब कसत असलेल्या जमिनीत जो राबतो तो शेतकरी. उलट जमीन दुसऱ्याला कसायला देऊन तिच्याकडे लक्षही न देणारा मालक सातबारा खिशात असला तरी जनगणनेच्या लेखी शेतकरी नसतो. तिच्याकडे केवळ म्हशी असत्या तरी ती काम न करणारी ठरली नसती, कारण घरी पिण्यापुरते दूध काढणे हेही जनगणनेच्या व्याख्येत काम आहे. फक्त तिची नोंद «इतर» या वर्गात झाली असती.

पत्रके तपासताना आमच्या पर्यवेक्षकांनी त्या गटातील माझ्या नोंदींवर आक्षेप घेतला. एका पर्यवेक्षकाकडे साधारण सहा प्रगणक असत, त्यामुळे इतरांच्या पत्रकांशी तुलना करणे त्यांना सोपे होते. इतरांच्या पत्रकांत बायकांपुढे घरकाम आहे आणि तुमच्याकडेच इतक्या शेतकरी बायका कशा, असे त्यांनी विचारले. नवऱ्याच्या रानात बाई जाते ती मदत करायला, तिला कोणी मजुरी देत नाही, मग ते काम कसे, हे त्यांचे म्हणणे होते. मी सूचना पुस्तिका उघडून त्यांच्यापुढे ठेवली. मोबदला मिळो वा न मिळो, उत्पादक कामात घेतलेला सहभाग हे काम होय, आणि घरच्या शेतीत विनावेतन केलेली अर्धवेळ मदतही त्यात येते, असे त्या व्याख्येत स्वच्छ म्हटले आहे. बायकांच्या कामाबद्दल खोदून विचारा, अशी सूचनाही त्यात होती. त्यांनी नोंदी बदलून आणण्यास सांगितले; मी वर्षभराच्या हिशेबाची वही दाखवली आणि नकार दिला. शेवटी त्यांनी पत्रके तशीच पुढे पाठवली, परंतु मदत आणि काम हा वाद त्यांनी माझ्याशी निवृत्तीपर्यंत चालू ठेवला. माझे मत आजही तेच आहे. त्याच ज्वारीची त्याच दिवशी काढणी करणाऱ्या नवऱ्याला कोणीही मजुरी देत नाही, तरी त्याच्यापुढे शेतकरी लिहिताना कोणाचे पेन अडखळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांपैकी २५.५ टक्के आणि पुरुषांपैकी ५३.३ टक्के काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. या फरकातील किती भाग प्रत्यक्षातील आहे आणि किती भाग ओट्यावरच्या उत्तरांचा आहे, याचा विचार गाव पाहिलेल्या माणसाने करावा.

तेव्हा ताई, आपण «घरीच असते» असे लिहिले आहे, ते स्वतः हिशेब करून लिहिले आहे की घरातील कोणी म्हणते म्हणून, हे मला ठाऊक नाही. एक वही घ्या आणि मागच्या बारा महिन्यांतील शेती, जनावरे, शिवणकाम, पापड-शेवया करून विकणे, दुकानावर बसणे, जे असेल ते महिन्यानिशी लिहा. बेरीज सहा महिन्यांवर गेली तर तुमचा व्यवसाय तो आहे. कोविडमुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात कुटुंबाला स्वतः माहिती भरण्याची सोय ठेवलेली आहे. ती माहिती भरताना फोन कोणाच्या हातात आहे, याकडे लक्ष द्या. प्रगणक घरी आला तर आपल्या रकान्याचे उत्तर आपणच द्या, आणि कोणी मधेच बोलू लागले तर त्याला थांबवा.

दोन गोष्टी मात्र नमूद केल्या पाहिजेत. आपण शहरात राहत असाल, शेती नसेल, विकण्यासाठी काही करत नसाल आणि दिवस स्वयंपाक, पाणी, मुले व आजारी माणसे यांत जात असेल, तर जनगणनेच्या नियमाने «घरकाम» हीच योग्य नोंद आहे आणि ती आर्थिक कामात धरली जात नाही. हा नियम मला पटत नाही, परंतु तो बदलेपर्यंत प्रगणकाने त्याप्रमाणेच लिहिले पाहिजे. ते श्रम मोजण्यासाठी सरकारची निराळी वेळ-वापर पाहणी आहे. २०१९ च्या त्या पाहणीत घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे आढळले.

दुसरी गोष्ट अशी की, जनगणनेत शेतकरी म्हणून नोंद झाल्याने जमिनीवर हक्क येत नाही. जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत, त्यामुळे त्यांचा उतारा मागून उपयोग नाही. जमिनीत नाव हवे असेल तर तो मार्ग तलाठ्याकडे आहे. पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते आणि ही तरतूद लक्ष्मी मुक्ती या नावाने ओळखली जाते. आपल्या घरी जमीन असेल, तर ती कोणाच्या नावावर आहे आणि वर्षभरात आपण तिच्यात किती महिने होता, एवढे कळवा, म्हणजे पुढचे सांगता येईल.