मिल्लत, तायफा आणि जॅनिसरी

"ऑटोमन इतिहास वाचतोय, त्यात मिल्लत सारखं येतं. मराठीत 'जमात' म्हटलं तर चालेल का? आणि जॅनिसरी म्हणजे 'गुलाम सैनिक' हे बरोबर आहे का, गुलामाच्या हातात कोण बंदूक देईल?"

जमात चालेल काय, उलट मिल्लतपेक्षा जास्त बरोबर ठरेल. ख्रिश्चन, ज्यू वगैरे गटांना सर्रास मिल्लत म्हणणं हे मुख्यतः १९व्या शतकातलं, प्रोटेस्टंटांना वेगळं मिल्लत म्हणून मान्यता मिळाली तीसुद्धा १८५० मध्ये. त्याआधीच्या दफ्तरांत कारकून बहुतेक वेळा 'ताइफे' नाहीतर 'जेमाअत' लिहायचा. जेमाअत म्हणजे आपली जमात, आणि ताइफे म्हणजे आपला तायफा, ज्याचा पुढे गाड्यांचा ताफा झाला. आता गंमत बघा, जॅनिसरींनाही तिथे 'येनिचेरी ताइफेसी'च म्हणायचे आणि त्यांच्या फौजेतल्या एका मोठ्या विभागाचं नाव होतं जेमाअत! म्हणजे इस्तंबूलच्या कारकुनाला ज्यूंची वस्ती काय आणि बंदूकवाले काय, दोन्ही तायफेच, आपापल्या मुखत्याराच्या हाताखालचे.

आणि ते नुसतं नावापुरतं नव्हतं. ऑर्थोडॉक्स लोकांची लग्नं, काडीमोड, वारसा हे पॅट्रिआर्क म्हणजे मुख्य धर्मगुरू बघायचा, त्याला सुलतानाकडून 'बेरात' म्हणजे नेमणुकीची सनद मिळायची (आपल्या जुन्या कागदांतली पैसे द्यायची 'वरात' हा तोच शब्द, लग्नाची वरात वेगळी) आणि त्यापायी तो 'पेश्केश' भरायचा, ती तर पेशकशच, म्हणजे नजराणा. तसंच जॅनिसरीने गुन्हा केला तर शिक्षा त्याच्याच अधिकाऱ्यांनी द्यायची. फक्त ही भिंत पक्की होती असं समजू नका, कारण काजीचं कोर्ट सगळ्यांना उघडं होतं आणि चर्चकडून हवा तो निकाल मिळणार नाही असं दिसलं की ख्रिश्चन बाईमाणूसही वारशासाठी नाहीतर काडीमोडासाठी सरळ काजीकडे जायचं, बिशप कितीही चिडला तरी.

आता गुलामाचं. येनि म्हणजे नवा आणि चेरि म्हणजे शिपाई, तोपची-मशालचीतला 'ची' इथे शोधू नका. भरती व्हायची 'देवशिर्मे'ने, म्हणजे शब्दशः गोळा करणं: बाल्कनमधल्या ख्रिश्चन गावांत अधिकारी यायचा, साधारण चाळीस घरांमागे एक पोरगा असा हिशोब, एकुलता एक असेल तर सोडायचे, ज्यूंची पोरं घेतच नसत. पोराला मुसलमान करायचं, तुर्की शिकायला बरीच वर्षं अनातोलियातल्या शेतकऱ्यांकडे ठेवायचं आणि मग फौजेत, त्यातली निवडक हुशार पोरं मात्र थेट राजवाड्याच्या शाळेत. शरियतप्रमाणे जिझिया भरणाऱ्या रयतेला गुलाम करता येत नाही, त्यामुळे ही पद्धत त्यांच्याच कायद्यात नीट बसत नव्हती, पण चालली.

हे सगळे सुलतानाचे 'कुल'. कोशात कुल म्हणजे गुलाम, पण आपल्या डोक्यात गुलाम म्हटलं की बिनपगारी राबणारा येतो आणि या लोकांना दर तीन महिन्यांनी पगार होता. पगार उशिरा झाला किंवा हलक्या नाण्यांत दिला तर स्वयंपाकाचा हंडा पालथा घालून बंड करायचे. तुकडीच्या अधिकाऱ्याला म्हणायचेच 'चोर्बाजी', म्हणजे शोरबावाला (इथे मात्र तो 'ची' आहे). मग गुलामी कुठे? तर अशी, की सुलतान खटला न चालवता कुलाची मान उडवू शकायचा आणि मेल्यावर त्याची मालमत्ता जप्त करू शकायचा. मी 'हुजुरातीतले गुलाम' असं लिहीन, आपली हुजुरात गुलामांची नव्हती हे कबूल, पण थेट मालकाच्या खासगीतली फौज हा अर्थ त्यात येतो.

दोन्ही टोकं एकाच घरात बघायची असतील तर सोकोल्लू मेहमेद पाशा. बोस्नियातल्या विशेग्राडजवळच्या सर्ब ऑर्थोडॉक्स घरातला पोरगा, देवशिर्मेत गेला, राजवाड्याच्या वाटेने चढत १५६५ ला वजीर-ए-आझम झाला तो १५७९ ला खून होईपर्यंत. त्याआधी १५५७ ला, तो नुसता एक वजीर असताना, सर्बांचं पेच गावातलं पॅट्रिआर्कपद पुन्हा सुरू झालं आणि त्यावर बसला मकारिये सोकोलोविच, त्याच्याच नात्यातला. म्हणजे घरातून उचललेला पोरगा सुलतानाचा कुल आणि मागे राहिलेला त्या घराच्या जमातीचा प्रमुख, आणि दोघांची नेमणूक एकाच दरबारातून.

पुढे जॅनिसरींनी लग्नं केली, पोरांना फौजेत घुसवलं, दुकानं टाकली, १७व्या शतकात देवशिर्मे जवळजवळ बंद पडली. त्यामुळे १८२६ ला दुसऱ्या महमूदने तोफा लावून ज्यांना संपवलं त्यांना 'गुलाम सैनिक' लिहू नका, ते बहुतेक जन्माने मुसलमान आणि पगाराचा कागद बाळगणारे शहरी लोक होते. तिथे नुसतं जॅनिसरी लिहा.